शाळेच्या बुटांचा वास : न भिजवता आतून साफ कसे करावेत

प्रश्न : "मुलगा सातवीत आहे. शाळेतून येऊन काळे बूट काढले की घरात थांबवत नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा बादलीत भिजवून धुतले, तर सोल सुटला आणि वासही गेला नाही. नवीन बुटांचा इनसोल आत चिकटवलेला आहे, निघत नाही. दुसरा जोड सध्या जमणार नाही. न भिजवता आतून साफ कसे करायचे? आम्ही भांडुपला राहतो."

ताई, परळला माझं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की गणपतीपर्यंत माझ्याकडे शाळेचे बूटच जास्त येतात, आणि त्यातले बरेचसे धुऊन बिघडलेले असतात. त्यामुळे आधी तुमच्या जुन्या बुटाचं नेमकं काय झालं ते सांगतो. ते कळलं की पुढची सगळी कृती आपोआप पटते.

असाच धुतलेला एक बूट मी मागे कापून उघडला होता. सगळ्यात वर सुकतळी, म्हणजे ज्याला तुम्ही इनसोल म्हणता ती. वरून कापड आणि खाली पातळ फोम. तिच्याखाली पुठ्ठा असतो, तो बाहेरून कधीच दिसत नाही. बुटाचं वरचं रेक्झिन खाली वळवून याच पुठ्ठ्याला चिकटवतात आणि त्याच्याखाली सोल बसवतात. उघडलेल्या बुटातला पुठ्ठा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. धुऊन पाच दिवस झाले होते, तरी चवड्याखाली बोट लावलं की गार लागत होतं.

सोल चिकटवायला आम्ही जे सोल्युशन वापरतो ते साध्या पाण्यात विरघळत नाही. सोल सुटतो तो पुठ्ठ्यामुळे. पुठ्ठा पाणी पिऊन फुगतो, वाळताना आकसतो आणि वेडावाकडा होतो, आणि त्याला धरून असलेलं पेस्टिंग कडेने सुटत जातं. सुकतळीखालचा गोंद मात्र बऱ्याचदा रबराच्या चिकाचा असतो, तो ओलीने मऊ पडतो. त्यात पाणी गरम असेल आणि साबणाची पावडर असेल तर सगळंच लवकर होतं. म्हणजे खरा घात बूट किती वेळ ओला राहिला यात आहे. मुंबईत जुलैच्या हवेत आतून भिजलेला पुठ्ठा तीन-चार दिवस वाळत नाही. तेवढ्या वेळात वास करणारे जंतूही वाढतात. म्हणून तुमचा सोलही गेला आणि वासही राहिला.

काही शाळेच्या बुटांचा सोल चिकटवलेला नसतो, साच्यात वरच्या भागावर थेट ओतलेला असतो. सोल आणि रेक्झिन जिथे मिळतात तिथे नख फिरवून बघा. कुठेही फट लागत नसेल, दोन्ही एकजीव वाटत असतील तर बहुतेक तो ओतीव सोल. तो सुटणार नाही, पण आतला पुठ्ठा त्यातही असू शकतो. म्हणून न भिजवण्याचा नियम दोन्हीला लागू धरा.

आता वास. ताज्या घामाला फारसा वास नसतो. पायाच्या कातडीवरचे जंतू घामातली द्रव्यं आणि मेलेली कातडी खातात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी आंबूस वासाची आम्लं तयार होतात. जुन्या चीजला येतो तसला हा वास. दुसरा वास कुबट, बंद कपाटातल्या ओल्या कपड्यांसारखा. तो बुरशीचा आणि मुरलेल्या ओलीचा. बूट रात्रभर बाहेर ठेवून सकाळी नाकाजवळ धरा आणि यातला कोणता ते ठरवा, कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत. आंबूस वास खायच्या सोड्याने चांगला कमी होतो, कारण सोडा आम्ल मारतो. कुबट वासावर सोडा फारसा चालत नाही. तिथे आधी ओल बाहेर काढावी लागते.

वास नेमका कुठून येतो तेही बघा. टिश्यू पेपरचा एक बोळा चवड्याशी, एक टाचेशी, आणि एक घडी जिभेच्या आतल्या बाजूला ठेवा. तासाभराने एकेक काढून हुंगा. बऱ्याचदा सगळ्यात जास्त वास चवड्याचा निघतो, पण जिभेकडे कोणाचं लक्ष जात नाही. जिभेत फोम असतो आणि लेस घट्ट बांधल्यामुळे तिला दिवसभर वारा लागत नाही. काही जोडांत मी फक्त जीभ नीट साफ करून वास निम्म्यावर आणलाय.

साफसफाईला शनिवारची दुपार घ्या, म्हणजे सोमवारपर्यंत वाळायला वेळ मिळेल. लेस काढा आणि मोज्यांबरोबर धुवायला टाका. बूट उलटे करून टाचेवर थापट्या मारा. मग जुन्या कोरड्या टूथब्रशने आत घासा, विशेषतः चवड्याच्या टोकाला आणि सुकतळीच्या कडेला. तिथून मोज्यांचा भुगा, माती आणि कातडीचा चुरा यांचा राखाडी गोळा निघतो. जंतूंचं खाणं तेच आहे. हे कोरडंच काढायचं. आधी पाणी लागलं तर त्याचा चिखल होऊन फोममध्ये बसतो.

मग फेसाने पुसायचं. अर्धा कप कोमट पाण्यात चहाचा एक चमचा शांपू किंवा भांड्यांचा पातळ साबण घाला आणि काट्याच्या चमच्याने फेटून भरपूर फेस काढा. ब्रशवर फक्त वरचा फेस घ्यायचा, खालच्या पाण्यात ब्रश बुडवायचा नाही. फेसात साबण असतो पण पाणी फार थोडं, त्यामुळे वरचं कापड साफ होतं आणि ओल पुठ्ठ्यापर्यंत उतरत नाही. एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्या. फेस लावा, हलक्या हाताने घासा आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने लगेच पुसून घ्या. फडकं इतकं पिळलेलं हवं की पुन्हा पिळलं तर थेंब पडू नये. साध्या पाण्यात खळबळून पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने दोनदा पुसा. साबण राहिला तर पायाला खाज येते आणि त्या चिकट जागी मळ लवकर बसतो.

पाणी जास्त झालं का, हे बघायला कोरडा टिश्यू सुकतळीवर ठेवून अंगठ्याने दहा सेकंद दाबा. टिश्यू नुसता दमट लागला तर ठीक. त्यावर अंगठ्याएवढा ओला डाग उमटला तर पाणी खाली उतरायला लागलंय. तिथे ब्रश थांबवा आणि कोरडं फडकं दाबून ओल टिपून घ्या.

तुमची सुकतळी चिकटवलेली आहे, तिला ओढू नका. फक्त आतल्या कमानीच्या बाजूने बोट घालून बघा. बऱ्याच बुटांत गोंद टाचेखालीच जास्त असतो आणि पुढचा भाग थोडा उचलला जातो. सहज उचलला गेला तर तेवढ्याखाली टिश्यूची घडी सरकवून ठेवा, पुठ्ठ्याची ओल तीच ओढून घेईल. फोम फाटायला लागला तर लगेच हात थांबवा. आणि पुढे कधी सुटी सुकतळी मिळाली, तर आधी तिची पाठ बघा. नुसता फोम आणि कापड असेल तर ती गार पाण्यात हाताने धुवायला हरकत नाही. पिळायची मात्र नाही, दोन टॉवेलांमध्ये दाबून पाणी काढायचं आणि पंख्याखाली उभी करून वाळवायची. पाठीला पुठ्ठा किंवा चामडं असेल तर तीही फेसानेच.

वाळवताना लोक घाई करतात आणि तिथेच पेस्टिंग जातं. गरम हवेचा हेअर ड्रायर, गॅसजवळची जागा, इस्त्री, यातलं काही नको. जुना सोल काढायचा असला की आम्ही तो गरम करतो, म्हणजे सोल्युशन ढिलं होतं आणि सोल हातात येतो. घरातला गरम झोत तेच काम करतो. वर्तमानपत्राचे सैल बोळे चवड्यापर्यंत भरा, तासाभराने बदला, आणखी दोन तासांनी पुन्हा बदला. बोळे आत तसेच रात्रभर राहिले तर ओल तिथेच कोंडून राहते. शेवटचे बोळे काढले की जीभ पूर्ण बाहेर ओढून, बूट भिंतीला तिरके टेकवून, टेबलफॅनचा वारा थेट तोंडातून आत जाईल असे ठेवा. पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत वर्तमानपत्र घालू नका, शाई लागते. तिथे जुना सुती कपडा भरा.

वाळले की नाही, हे हाताला नीट कळत नाही. कापड वरून कोरडं लागतं आणि खालचा पुठ्ठा ओला असतो. म्हणून मी वजन करतो. लालबागच्या एक ताई गेल्या जुलैत तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. सहावीतला मुलगा, एकच जोड. शनिवारी दुपारी शाळेतून आल्या आल्या एक बूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायला सांगितला, ३४६ ग्रॅम भरला. फेसाने पुसल्यावर ३५१. बोळे आणि पंखा लावून रविवारी सकाळी ३३८, संध्याकाळी ३३४, रात्री झोपतानाही ३३४. वजन उतरायचं थांबलं म्हणजे बूट त्या हवेत जेवढा वाळणार तेवढा वाळला. म्हणजे शनिवारी घरी आला तेव्हा त्या एका बुटात १२ ग्रॅम, चहाचे दोन चमचे भरून वर थोडं, इतकं पाणी होतं. आणि तो बूट पावसात भिजलेला नव्हता.

सोमवारी संध्याकाळी तोच बूट ३४३ भरला आणि मंगळवारी सकाळी ३३९. रात्रभर दाराशी ठेवून पाच ग्रॅम ओल तशीच राहिली. त्यावर मंगळवारचा घाम आला. शुक्रवारपर्यंत बूट एकदाही पूर्ण वाळला नाही आणि वास परत यायला लागला होता. साफसफाई चांगली झाली होती, तरी रोजची ओल रोज निघत नव्हती. तुमच्याकडेही मला हेच वाटतं, म्हणून एक जोड असताना काय करायचं ते खाली सांगतो. त्याआधी स्पिरिट आणि सोडा.

स्पिरिट बूट वाळल्यावर लावायचं. ओल्या कापडावर लावलं तर ते पातळ होऊन निकामी होतं. औषधाच्या दुकानातून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ९९ टक्क्यांचं मागू नका, जंतू मारायला त्यात थोडं पाणी असावं लागतं. एका बुटाला चहाचा एक चमचा पुरतो, तोही फडक्यावर घेऊन आतून पुसायचा. बुटात ओतायचा नाही, कारण साचलेलं स्पिरिट गोंदाला मऊ करू शकतं. आधी जिभेच्या आतल्या कोपऱ्यावर लावून रंग उतरतो का बघा, आणि बाहेरच्या चकचकीत रेक्झिनला लागू देऊ नका, चमक जाते. खिडकी उघडी, गॅस आणि देवघरातला दिवा बंद, बाटली मुलांच्या हाताबाहेर. हाताला लावायचं जेल सॅनिटायझर यासाठी वापरू नका, त्याचा चिकटपणा कापडात राहतो. स्पिरिटची मर्यादाही आहे. अस्तरावरच्या जंतूंवर ते काम करतं, पण पुठ्ठ्यात मुरलेल्या बुरशीपर्यंत पोचत नाही.

स्पिरिट पूर्ण उडालं की सोडा. पावसाळ्यात सोडा सुटा भुरभुरवू नका. तो ओल धरून गोळा होतो, सुकतळीच्या कडेला अडकतो आणि मुलाच्या पायाला टोचतो. दोन मोठे चमचे खायचा सोडा जुन्या पातळ सुती मोज्यात भरा, गाठ मारा आणि ती पुरचुंडी दाबून चपटी करून चवड्याशी ठेवा. रात्रभर ठेवून सकाळी काढा. सोडा कोरडा आणि मोकळा असेपर्यंत तीच पुरचुंडी चालते, गठ्ठा झाला की बदला. सोडा जंतू मारत नाही, फक्त झालेला आंबूसपणा खेचतो. व्हिनेगर आणि सोडा एकत्र वापरायला सांगणारे बरेच भेटतील. एक आम्ल, एक अल्क, दोघं एकमेकांना निकामी करतात आणि बुटात नुसतं पाणी वाढतं. डांबरगोळ्या बुटात कधीच ठेवू नका. त्या वास फक्त झाकतात आणि त्यांची वाफ मुलांना अपायकारक आहे. टाल्कम पावडर घामाने चिकट होते, तीही नको.

आता एकाच जोडाचं. लालबागच्या ताईंना मी चिकटवलेल्या सुकतळीवर टाकायला पातळ सुट्या सुकतळ्यांचे तीन जोड दिले. वर सुती कापड, खाली दोनेक मिलिमीटर फोम, बुटाच्या मापाने कातरलेल्या. एक जोड पायात, एक वाळतोय, एक तयार. मुलगा घरी आला की पहिलं काम सुटी सुकतळी बाहेर काढून कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लावायची, जीभ बाहेर ओढायची आणि बूट तासभर पंख्यासमोर ठेवायचे. घामाचा बराचसा भाग सुट्या सुकतळीतच अडकतो आणि तिच्याबरोबर बाहेर येतो. पुढच्या आठवड्यात, सुकतळी काढून, बूट सकाळी ३३५-३३६ भरत होता. शुक्रवारी त्यांनी बूट हुंगला आणि मला फोन केला, आंबूस वास आलेला नव्हता. नंतर दर शनिवारी नुसता कोरडा ब्रश आणि एक हात स्पिरिट, एवढंच चालू ठेवलं.

मात्र सुटी सुकतळी घालण्याआधी बूट पायाला घट्ट नाही ना ते बघा. ती घालून मुलाला उभं करा. अंगठ्याच्या पुढे तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. नसेल तर ही युक्ती तुमच्यासाठी नाही, पाय दुखेल. मग चांभाराकडून आतली चिकटवलेली सुकतळी काढून घ्या, पुठ्ठा वाळू द्या आणि तिच्या जागी सुटी बसवा. अनुभवी हाताला हे दहा मिनिटांचं काम आहे.

मोजे रोज बदलणं आणि उलटे करून धुणं गरजेचं आहे. मोज्यातल्या बोटांकडच्या टोकात तोच भुगा बसतो. नायलॉनऐवजी सुती जास्त असलेला मोजा घ्या. मुलाचे पायही एकदा उजेडात नीट बघा. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन सुटत असेल, खाज असेल, किंवा टाचेवर-चवड्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील तर ते जंतूंचं किंवा बुरशीचं दुखणं असू शकतं. बूट कितीही साफ केले तरी पायातून वास परत येईल. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

शाळेतून येताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर मात्र बूट नुसता वाळवून चालणार नाही, ते पाणी घाण असतं. तेव्हा बाहेरून नळाखाली पटकन धुऊन घ्या, आतून वरच्यासारखं फेसाने पुसा, पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने बोळे बदला आणि वाळल्यावर स्पिरिट लावा. असा बूट दुसऱ्या दिवशी सकाळी वाळत नाही. शाळेच्या बाईंना चिठ्ठी देऊन मुलाला एक दिवस सँडल घालू द्या.

शेवटी, तुमच्या आत्ताच्या बुटाचं पेस्टिंग शाबूत आहे का ते साफसफाईच्या आधीच तपासा. चवड्यापाशी बूट हाताने वाकवा आणि सोलच्या कडेकडे बघा. केसाएवढी फट उघडली, किंवा दाबल्यावर फस्स असा आवाज आला तर तिथून पेस्टिंग सुटायला लागलंय. आधी ते चिकटवून घ्या, नाहीतर फेसातलं थोडंसं पाणीही त्या फटीतून पुठ्ठ्यात जाईल. आणि आत हात घालून चवड्याखाली अंगठ्याने दाबा. तळ सपाट आणि कडक लागला तर बूट चांगला आहे, वर सांगितलेलं सगळं करा. लाटांसारखा उंचसखल, मऊ लागला आणि सुकतळीच्या कडेला काळे ठिपके दिसले, तर पुठ्ठ्यात बुरशी गेलेली आहे. तो वास माझ्याकडच्या कुठल्याच उपायाने कायमचा गेलेला नाही, तेव्हा त्या जोडावर स्पिरिट आणि सुकतळ्यांचे पैसे घालू नका.